ताठ कंडरा, निवांत स्नायू

13 एप्रिल 2003 रोजी लंडनमध्ये पॉला रॅडक्लिफने मॅरेथॉन 2 तास 15 मिनिटं 25 सेकंदांत पूर्ण केली. महिलांचा हा विक्रम पुढे सोळा वर्षं कुणाला मोडता आला नाही. धावण्याच्या शास्त्रात मात्र या धावपटूचं नाव दुसऱ्याच कारणाने घेतलं जातं. ब्रिटिश शरीरक्रियाशास्त्रज्ञ अँड्र्यू जोन्स यांनी तिला ती शाळकरी वयाची असल्यापासून ट्रेडमिलवर पळवलं आणि दरवेळी तोंडाला मुखवटा लावून तिचा श्वास मोजला. तिच्या मापांची अशी वर्षानुवर्षांची नोंद त्यांच्याकडे जमा झाली आणि 2006 मध्ये त्यांनी ती प्रसिद्ध केली. जागतिक दर्जाच्या धावपटूची इतक्या लांब पल्ल्याची नोंद क्वचितच हाती लागते.

या नोंदीत पहिलं आश्चर्य असं की तिची ऑक्सिजन वापरण्याची कमाल क्षमता, म्हणजे धावपटूंच्या बोलण्यातली ‘व्हीओटू मॅक्स’, वाढलीच नाही. शरीराच्या दर किलोमागे दर मिनिटाला साधारण 70 मिलिलिटर हा आकडा 1992 च्या सुमारास होता, आणि 2003 मध्येही तो त्याच्याच आसपास होता. सत्तर ही मोठीच क्षमता आहे, पण ती तिच्याकडे ज्युनियर गटात असतानाच होती. मधल्या अकरा वर्षांत बदलली ती दुसरी गोष्ट. 1992 मध्ये एक किलोमीटर पळायला तिला दर किलो वजनामागे 205 मिलिलिटर ऑक्सिजन लागत होता. 2003 मध्ये तेवढ्याच अंतराला 175 पुरू लागला. वेगासाठी लागणारा ऑक्सिजनचा हा खर्च म्हणजे ‘रनिंग इकॉनॉमी’, आपण त्याला धावण्यातली काटकसर म्हणू.

या तीस मिलिलिटरांचं मोल काय, ते हिशेब मांडल्याशिवाय लक्षात येत नाही. लंडनमधली तिची सरासरी गती ताशी 18.7 किलोमीटर होती. किलोमीटरला 175 मिलिलिटर धरले तर या गतीला मिनिटाला साधारण 54.5 मिलिलिटर लागतात. सत्तरच्या कमाल क्षमतेचा हा 78 टक्के हिस्सा झाला, आणि कसलेला मॅरेथॉनपटू तो दोन-सव्वादोन तास पेलू शकतो. आता तीच गती 205 च्या दराने काढा. मिनिटाला जवळपास 64 मिलिलिटर, म्हणजे कमाल क्षमतेचे 91 टक्के. या तीव्रतेवर माणूस तासभर टिकला तरी पुष्कळ, दोन तासांचं नाव काढायला नको. उलट बाजूने पाहिलं, तर 78 टक्क्यांवर धावणारी 1992 मधली रॅडक्लिफ तेच अंतर 2 तास 39 मिनिटांच्या आसपास पार करती. हा ट्रेडमिलवरच्या आकड्यांचा गणिती खेळ आहे, रस्त्यावरचा वारा आणि चढउतार त्यात धरलेले नाहीत. तरीही फुप्फुसं तीच, हृदय जवळपास तेच, आणि फरक वीस मिनिटांहून जास्त. हा फरक आला कुठून?

उत्तर शोधण्याआधी माप कसं घेतात ते पाहायला हवं, कारण या विषयातले अर्धे वाद मापातून उगवतात. धावपटूला ट्रेडमिलवर ठरावीक वेगाने चार ते सहा मिनिटं पळवतात. पहिली दोन-तीन मिनिटं ऑक्सिजनचा वापर चढत असतो, मग तो स्थिरावतो. शेवटच्या मिनिट-दोन मिनिटांची सरासरी घेतात. घरात समोरून वारा येत नाही, त्याची भरपाई म्हणून ट्रेडमिलला बहुधा एक टक्का चढ देतात. मुख्य अट अशी की वेग बेताचाच हवा, रक्तात लॅक्टेट साचू लागण्याच्या पातळीखालचा. त्याच्या वर गेलात की काही ऊर्जा ऑक्सिजनशिवाय येऊ लागते. मग मुखवट्यातला आकडा खरा खर्च दाखवत नाही आणि दमलेला माणूस कागदावर काटकसरी ठरतो.

दुसरी फसगत पोटातली. एक लिटर ऑक्सिजन वापरून कर्बोदकं जाळली तर पाच किलोकॅलरींच्या थोडी वर ऊर्जा मिळते, चरबी जाळली तर सुमारे 4.7 च मिळते. म्हणजे एकदा पोहे खाऊन आणि एकदा उपाशीपोटी चाचणी दिली, तर पायांनी तेवढंच काम करूनही ऑक्सिजनचा आकडा वेगळा येतो. बुटांच्या वजनाचाही फरक पडतो. शिवाय एकाच माणसाचं माप दिवसागणिक एक-दोन टक्के इकडेतिकडे होतंच. त्यामुळे महिन्याभराच्या व्यायामाने काटकसर एक टक्का सुधारली असं कुणी सांगितलं, तर ती बहुधा सुधारलेली नसते, मोजणी हललेली असते.

आता पायांकडे वळू. धावताना प्रत्येक पावलाला शरीर खाली येतं, गुडघा आणि घोटा किंचित दुमडतात, मग दोन्ही सरळ होतात आणि शरीर वर-पुढे फेकलं जातं. 1980 च्या दशकाअखेर रेइनहार्ड ब्लिकहान आणि थॉमस मॅकमहोन यांनी हे सगळं एका साध्या प्रतिकृतीत बसवलं: वर शरीराचं वजन, खाली एक स्प्रिंग. पाय जमिनीला लागला की स्प्रिंग दबते, उठताना ताणमुक्त होते. ती दाबायला किती बल लागतं, म्हणजे मीटरभर दाबायला किती न्यूटन, तो त्या पायाचा ताठपणा. इतक्या गुंतागुंतीच्या अवयवाला एका स्प्रिंगमध्ये कोंबणं धाडसाचंच होतं, पण ही प्रतिकृती धावण्याच्या हालचाली चकित व्हावं इतक्या बरोबर सांगते.

हा ताठपणा काढायला आता बल मोजणारी जमीनही लागत नाही. 2005 मध्ये फ्रान्सच्या जाँ-बेनुआ मोरँ आणि सहकाऱ्यांनी दाखवलं, की वजन, उंची, वेग, पाय जमिनीवर टेकलेला काळ आणि दोन्ही पाय हवेत असलेला काळ एवढं माहीत असलं की ताठपणाचा चांगला अंदाज येतो. समजा, 60 किलोच्या, 170 सेंटिमीटर उंचीच्या दोघीजणी सेकंदाला चार मीटर वेगाने पळताहेत. किलोमीटरला 4 मिनिटं 10 सेकंद. दोघींची पावलं मिनिटाला 171. फरक एवढाच, की पहिलीचा पाय जमिनीवर 230 मिलिसेकंद राहतो आणि ती 120 मिलिसेकंद हवेत असते. दुसरीचा पाय 210 मिलिसेकंद टेकतो आणि ती 140 मिलिसेकंद हवेत असते. मोरँच्या सूत्रांत आकडे घातले की पहिलीच्या पायावरचं कमाल बल सुमारे 1400 न्यूटन येतं, दुसरीचं 1540. शरीर दोघींचंही खाली सहा सेंटिमीटरच दबतं. पण पायाची स्प्रिंग पहिलीची जवळपास 19 सेंटिमीटर आखडते, दुसरीची साडेसोळा, कारण जमिनीवर कमी वेळ राहिल्याने तिचा पाय कमी कोनातून फिरतो. ताठपणा पहिलीचा मीटरला साडेसात हजार न्यूटन, दुसरीचा सव्वानऊ हजारांच्या वर. सेकंदाच्या पन्नासाव्या भागाने ताठपणात चोवीस टक्क्यांचा फरक पाडला.

मोबाइलवर चित्रण करून हा हिशेब करणाऱ्यांनी इथेच जपायचं. सेकंदाला 240 चौकटी टिपणाऱ्या कॅमेऱ्यात दोन चौकटींमध्ये चार मिलिसेकंदांचं अंतर असतं. पाय नक्की कोणत्या चौकटीत सुटला हे ओळखण्यात एका चौकटीची चूक झाली, तरी ताठपणा चार-पाच टक्क्यांनी सरकतो. 30 चौकटींच्या साध्या चित्रणात तर वरच्या दोघींमधला सगळा फरकच गडप होतो. मनगटावरची काही यंत्रं हल्ली पायाचा ताठपणा परस्पर दाखवतात. त्यांच्या एकेका दिवसाच्या आकड्यावर मी फारसा विसंबणार नाही. एकाच वेगाच्या, एकाच बुटांतल्या, कित्येक आठवड्यांच्या सरासरीत काही अर्थ असू शकतो.

तर मग दुसरी पहिलीपेक्षा काटकसरी असेल का? बऱ्याच पाहण्यांमध्ये ताठ पायाच्या धावपटूंचा ऑक्सिजनचा खर्च कमी दिसला आहे, पण हा संबंध मध्यम ताकदीचा आहे. कारण उघड आहे. पायाचा ताठपणा ही बेरीज आहे. घोटा, गुडघा, टाचेमागची कंडरा, पायाची कमान, धावण्याची ढब, सगळ्यांची. ती बेरीज दोन अगदी वेगळ्या मार्गांनी तितकीच येऊ शकते. मांडीच्या पुढचे आणि मागचे स्नायू एकाच वेळी आवळून गुडघा ताठ धरला तर पायाचा ताठपणा वाढतो, पण एकमेकांविरुद्ध ओढणारे दोन्ही स्नायू ऑक्सिजन खात राहतात. तोच ताठपणा कंडरेकडून आला तर तिला ऑक्सिजन जवळपास लागतच नाही. आकडा तोच, पण एकीकडे रोकड खर्च झाली आणि दुसरीकडे नाही. एकूण ताठपणा मोजणाऱ्याला खर्च कुणी केला ते दिसत नाही, म्हणून आत डोकवावं लागतं.

आत म्हणजे मुख्यतः पोटरीत. पोटरीचे दोन मोठे स्नायू, वरचा गॅस्ट्रोक्नेमियस आणि त्याखालचा सोलियस, टाचेच्या हाडाला एकाच जाड कंडरेने जोडलेले आहेत. ही अकिलीस कंडरा. मध्यम वेगाने पळतानाही तिच्यावर शरीराच्या वजनाच्या सहा-सात पट ओढ येते. ब्रिटिश प्राणीशास्त्रज्ञ मॅकनील अलेक्झांडर आणि सहकाऱ्यांनी 1987 मध्ये कापून काढलेल्या पावलांवर प्रयोग करून हिशेब दिला: सत्तर किलोचा माणूस सेकंदाला साडेचार मीटर वेगाने पळताना एका पावलात साधारण 100 ज्यूल ऊर्जा घालवतो आणि परत मिळवतो. त्यातले सुमारे 35 ज्यूल अकिलीस कंडरेत साठतात, 17 पायाच्या कमानीत. कंडरा साठवलेल्यातलं नव्वद टक्क्यांहून अधिक परत देते. म्हणजे प्रत्येक उडीचा निम्म्याच्या आसपासचा भाग फुकट मिळतो.

इथून लोक एक सरळ निष्कर्ष काढतात, आणि तो चुकतो. कंडरा स्प्रिंग आहे, ताठ कंडरा म्हणजे चांगली स्प्रिंग, म्हणून ती जास्त ऊर्जा साठवत असणार. हिशेब करून पाहा. कंडरेवर 3500 न्यूटनची ओढ आहे आणि ती एक मिलिमीटर ताणायला 200 न्यूटन लागतात असं धरू. ती साडेसतरा मिलिमीटर ताणली जाईल आणि तिच्यात सुमारे 31 ज्यूल साठतील. आता तीच ओढ कायम ठेवून कंडरा पंधरा टक्क्यांनी ताठ करा, म्हणजे मिलिमीटरला 230 न्यूटन. ताण पंधरा मिलिमीटरच्या किंचित वर येईल आणि साठवण 27 ज्यूलवर उतरेल. ताठ कंडरेत ऊर्जा कमी साठली! तरीही जर्मनीतल्या आदामान्तिओस अरंपात्झिस यांच्या गटाने 2006 मध्ये लांब पल्ल्याच्या धावपटूंची तुलना केली, तेव्हा सर्वांत काटकसरी गटाची पोटरीची कंडरा जास्त ताठ आणि पोटरी जास्त ताकदवान निघाली. साठवण कमी असेल तर बचत कुठे होते?

स्नायूत. कंडरा स्वतःहून काहीच करत नाही. तिच्या वरच्या टोकाला स्नायूने घट्ट धरून ठेवलं तरच ती ताणली जाते, आणि धरून ठेवण्याचे पैसे स्नायू भरतो. किती पैसे, ते त्याला किती आखडावं लागतं यावर ठरतं. भरलेली बादली हातात नुसती धरून उभं राहणं आणि तीच वर-खाली करत राहणं, यात दमवणारं कोणतं ते सांगायला नको. स्नायूच्या आत दोन गोष्टी घडतात. आखडताना त्यातले प्रथिनांचे बारीक आकडे पुन्हापुन्हा सुटतात आणि पुन्हा पकडतात, प्रत्येक फेरीला ऊर्जेचा एकेक रेणू खर्ची पडतो. लांबी तीच राहिली तर या फेऱ्या कितीतरी कमी होतात. शिवाय ए. व्ही. हिल यांनी 1938 मध्येच दाखवलं होतं, की स्नायू जितक्या वेगाने आखडेल तितकं त्याचं बल घटतं. म्हणजे वेगाने आखडणाऱ्या पोटरीला तेच बल द्यायला जास्त तंतू कामाला लावावे लागतात, आणि जागा झालेला प्रत्येक तंतू ऑक्सिजन मागतो.

आता वरच्या हिशेबातला सव्वादोन मिलिमीटरचा फरक पुन्हा पाहा. टाच जमिनीवर असताना घोट्याची हालचाल तेवढीच राहिली, तर कंडरा सव्वादोन मिलिमीटर कमी ताणली म्हणजे स्नायूलाही तेवढंच कमी आखडावं लागलं. सोलियसचे तंतू जेमतेम चार सेंटिमीटर लांब असतात. त्यांच्या लांबीच्या पाच-सहा टक्के आखडणं वाचलं, तेही सेकंदाच्या दहाव्या भागाच्या आसपास उरकायच्या कामात. म्हणून चार ज्यूल कमी साठवूनही ताठ कंडरेचा सौदा फायद्यात राहतो. धावताना पोटरीवर अल्ट्रासाउंडची पट्टी बांधून घेतलेल्या चित्रांत हे प्रत्यक्ष दिसतं. घोटा पुढे दुमडत असतो, स्नायू-कंडरा मिळून ताणले जात असतात, पण गॅस्ट्रोक्नेमियसचे तंतू जवळपास जागच्या जागी असतात आणि सोलियसचे हळूहळू आखडत असतात. हालचाल बहुतेक कंडरेची.

याचा अर्थ कंडरा जितकी ताठ तितकी बरी, असा होत नाही. ती अतोनात ताठ झाली तर घोट्याच्या दुमडण्याला ती जागाच देणार नाही, मग ते लांबणं आणि आखडणं स्नायूच्याच वाट्याला येईल. मुद्दा जुळणीचा आहे. घोटा जितका दुमडतो तितकीच कंडरा ताणली जावी, आणि मधल्या मध्ये स्नायू स्वस्थ राहावा. ही जुळणी कंडरेची लांबी, घोट्याच्या सांध्यापासून तिचं अंतर, स्नायूची ताकद आणि धावण्याचा वेग यांवर अवलंबून असते. म्हणूनच सगळ्या धावपटूंना लागू पडेल असा ताठपणाचा एक आकडा कुणी देऊ शकत नाही, आणि कुणी देत असेल तर सावध राहावं.

एरिट्रियाच्या धावपटूंवरचा 2006 मधला अभ्यास दुसऱ्या एका कारणाकडे बोट दाखवतो. अलेहांद्रो लुसिया आणि सहकाऱ्यांनी सात एरिट्रियन आणि नऊ स्पॅनिश धावपटूंना ताशी 21 किलोमीटर वेगाने पळवलं. कमाल क्षमतेत दोन्ही गटांत सांगण्यासारखा फरक नव्हता. पण त्या वेगाला स्पॅनिश धावपटूंना मिनिटाला सुमारे 75 मिलिलिटर लागले, एरिट्रियनांना 66. पोटऱ्यांचा घेर मोजला तर स्पॅनिशांचा 34 सेंटिमीटरच्या आसपास आणि एरिट्रियनांचा 31 भरला. पाय ही लोंबती काठी आहे. तिच्या टोकाशी असलेलं वजन प्रत्येक पावलाला पुढे झुलवायला लागतं, म्हणून पोटरीत कमी झालेले शंभर ग्रॅम पोटावर कमी झालेल्या शंभर ग्रॅमपेक्षा मोलाचे. याच देशाचा झेरसेनाय तादेसे पुढे 2010 मध्ये लिस्बनला 58 मिनिटं 23 सेकंदांत अर्धमॅरेथॉन धावला. त्याचं माप किलोमीटरला 150 मिलिलिटर निघालं होतं, आजवर नोंदलेल्या सर्वांत कमी आकड्यांपैकी एक. पोटरीचा घेर प्रशिक्षणाने फारसा बदलता येत नाही. ताठपणा बदलता येतो, म्हणून हे प्रकरण त्याच्याभोवती फिरतं.

रॅडक्लिफच्या नोंदीत ऑक्सिजनबरोबर आणखी दोन मापं आहेत. 1996 मध्ये ती उभ्याने 29 सेंटिमीटर उडी मारत होती, 2003 मध्ये 38. आणि पाय लांब करून बसून बोटं पुढे सरकवण्याच्या चाचणीत ती चार सेंटिमीटर मागे आली होती. अंग वाकणं कमी झालं, उडी वाढली, ऑक्सिजन कमी लागू लागला. जोन्स यांनीच 2002 मध्ये 34 आंतरराष्ट्रीय दर्जाच्या पुरुष धावपटूंत पाहिलं होतं, की ज्यांचं अंग कमी वाकतं त्यांचा खर्च कमी असतो. यावरून रोजचे ताण देणारे व्यायाम सोडून द्यावेत असं मी म्हणणार नाही. बसून वाकण्याच्या चाचणीत मांडीचा मागचा भाग आणि कंबर मोजली जाते, अकिलीस कंडरा नाही. आणि एकाच व्यक्तीच्या अकरा वर्षांत मैलोनमैल पळणं, वजनं उचलणं, वय वाढणं हे सगळंच एकत्र घडलेलं असतं, त्यातून एक धागा वेगळा काढता येत नाही.

तो धागा वेगळा काढायला नियंत्रित प्रयोग लागतात. फिनलंडमध्ये लीना पावोलाइनेन यांनी 1999 मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. धावपटूंच्या एका गटाने नऊ आठवडे सरावाच्या सुमारे एक तृतीयांश वेळात छोट्या तेज धावा, उड्या आणि हलक्या वजनांचे झपाट्याने करायचे व्यायाम केले, आणि तेवढं पळणं कमी केलं. दुसऱ्या गटाने जवळपास सगळा वेळ नेहमीचं पळणं चालू ठेवलं. पहिल्या गटाचा पाच किलोमीटरचा वेळ सुधारला, काटकसर सुधारली, पाय जमिनीवर टेकण्याचा काळ कमी झाला. कमाल क्षमता मात्र वाढली नाही.

अरंपात्झिस यांच्या गटाचा 2013 मधला प्रयोग मला अधिक बोलका वाटतो, कारण त्यात फक्त एकाच ठिकाणी हात घातला होता. धावपटूंनी नेहमीचा सराव चालू ठेवला. त्याशिवाय चौदा आठवडे, आठवड्यातून चार वेळा, बसून घोटा जखडून पायाच्या चवड्याने एका अचल पट्टीवर कमाल ताकदीच्या 90 टक्के जोराने दाबायचं. तीन सेकंद दाब, तीन सेकंद विसावा, असं चार वेळा, आणि असे पाच संच. काही हलत नाही, उडी नाही, घाम फारसा नाही. शेवटी कंडरा सुमारे 16 टक्क्यांनी ताठ झाली आणि मध्यम वेगाला लागणारा ऑक्सिजन चार टक्क्यांनी घटला. धावण्याची ढब कॅमेऱ्यात बघितली तर बदललेली नव्हती. म्हणजे बाहेरून काहीच वेगळं दिसलं नाही, जे बदललं ते पोटरीच्या आत.

उलट टोकाची चूक मैदानावर नेहमी दिसते. कुणीतरी सांगतं की चांगल्या धावपटूचा पाय जमिनीवर कमी वेळ राहतो, आणि दुसऱ्या दिवसापासून मंडळी मुद्दाम पाय झटकन उचलायला लागतात, गुडघे ताठ ठेवून टुणटुण पळतात. पीटर कॅव्हॅनाघ आणि कीथ विल्यम्स यांनी 1982 मध्ये धावपटूंना त्यांच्या स्वाभाविक ढांगेपेक्षा लांब आणि आखूड ढांगा टाकायला लावल्या होत्या. दोन्हीकडे ऑक्सिजन वाढला. बहुतेकांची स्वतःची सवयीची ढांगच सर्वांत स्वस्त ढांगेच्या अगदी जवळ होती. कसलेलं शरीर हा हिशेब आपणच करत असतं. जमिनीवरचा कमी काळ हा ताठ कंडरेचा आणि ताकदवान पोटरीचा परिणाम असतो. तो परिणाम आधी ओढून आणला तर स्नायूंना तेच बल कमी वेळात उभं करावं लागतं, आणि त्याचा खर्च वाढतोच.

शरीर हा हिशेब किती तत्परतेने करतं ते पायाखालची जमीन बदलून कळतं. एमी कर्डॉक आणि सहकाऱ्यांनी 2002 मध्ये ट्रेडमिलखाली वेगवेगळ्या लवचीकतेच्या फळ्या बसवल्या. जमीन साडेबारा पट मऊ झाली तेव्हा धावणाऱ्यांचा पाय 29 टक्क्यांनी ताठ झाला, शरीराचं खालीवर होणं जवळपास तसंच राहिलं, आणि ऊर्जेचा खर्च 12 टक्क्यांनी कमी झाला. खालच्या फळीने स्प्रिंगचं काम केलं, तेवढं गुडघ्याला दुमडावं लागलं नाही. वाळूत पळणाऱ्याला याच्या नेमकं उलटं का वाटतं हा प्रश्न इथे सुचतोच: वाळू दबते पण परत काही देत नाही. गेल्या दशकातल्या कार्बनपट्टीच्या जाड तळव्याच्या बुटांचंही रहस्य बरंचसं यातलंच. 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या कोलोरॅडोतल्या चाचणीत नायकेच्या अशा नमुना बुटाचा तळवा दाबलेल्या ऊर्जेतली 87 टक्के परत देत होता, आणि त्या बुटांत धावपटूंचा खर्च सरासरी चार टक्क्यांनी कमी भरला. अरंपात्झिस यांच्या प्रयोगातले धावपटू चौदा आठवडे खपून जेवढं मिळवून बसले, तेवढं बुटाच्या दुकानात मिळतं, हे जरा चिडवणारं आहे खरं. पण बूट तीन-चारशे किलोमीटरमध्ये बसका होऊ लागतो.

कंडरा ताठ करायला निघालेल्याने तिचा वेग ओळखून असावं. पोटरीचा स्नायू काही आठवड्यांत ताकद दाखवू लागतो. कंडरेत रक्तपुरवठा कमी, पेशी थोड्या, आणि तिच्या गाभ्यातलं कोलॅजन प्रौढ वयात जवळपास नव्याने बनतच नाही. म्हणून पहिल्या दीड-दोन महिन्यांत असा काळ येतो की स्नायू जास्त ओढू लागलेला असतो आणि कंडरा अजून जुनीच असते. उड्या आणि चढावरच्या तेज धावा एकदम वाढवणाऱ्यांची टाच दुखते ती याच काळात. पळताना दुखणं बहुधा नंतर येतं, त्याआधी सकाळी अंथरुणातून उठल्यावरची पहिली दहा-वीस पावलं आखडलेली वाटतात आणि चालल्यावर मोकळी होतात. टाचेच्या हाडापासून दोन ते सहा सेंटिमीटर वर, कंडरा दोन बोटांच्या चिमटीत धरून दाबली की एक ठिपका दुखतो. असं दोन-तीन सकाळी लागोपाठ झालं, तर उड्या थांबवून अचल दाबाचा व्यायाम कमी जोराने चालू ठेवतात. सकाळची आखड नाहीशी झाली की उड्या पुन्हा, आधीच्या निम्म्या संख्येपासून.